‘होय’, ‘बरं’, ‘चालेल’चा आठवडा

मोठ्या भांडणानंतर घरातल्या वाक्यांमधून माणसं गायब होतात. “जेवण झालंय.” “पाणी यायलंय.” “लाईट बिल भरलंय.” कोणी केलं, कोणासाठी केलं, ते कोणी म्हणत नाही. माझी भाची नवऱ्याला एरवी “अरे” म्हणते. गेल्या वर्षी त्यांचं भांडण घटस्फोटाच्या शब्दापर्यंत गेलं, त्यानंतर तिनं मला फोनवर सांगितलं, “मावशी, मी त्याला दोन दिवस नावानंच हाक मारली नाही. नुसतंच ‘ऐकायलास काय’ म्हणते.” ज्यांच्या लग्नाला एक-दोन वर्षंच झाली आहेत आणि असा आठवडा पहिल्यांदाच वाट्याला आला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी समुपदेशक नाही. पण हा आठवडा मी स्वतः काढला आहे, त्यावर वाचलंही आहे, आणि बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत दुसऱ्यांचे असे आठवडे भिंतीपलीकडून ऐकलेही आहेत.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. तुम्ही वाद नको म्हणून गप्प आहात, की मार चुकवायला गप्प आहात? हात उचलला गेला असेल, फोन किंवा पैसे काढून घेतले असतील, घराबाहेर जायला बंदी असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही, आणि खाली सांगितलेलं एकांतातलं बोलणंही करू नका. १८१ ही महिलांची मदतवाहिनी आहे, आणि तातडीला ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, त्यासाठी आधी घर सोडावं लागत नाही.

आता आमचं सांगते, म्हणजे पायऱ्या कळतील.

लग्नाचं चौथं वर्ष. मुलगा अडीच वर्षांचा. नवरा उद्यमबागमध्ये लेथवर, पहिली शिफ्ट. भिशीचे साठ हजार मला लागले होते आणि ते गच्चीच्या पत्र्यांसाठी ठेवले होते. ह्यांनी ते खानापूरच्या दिरांना बोअर मारायला दिले आणि मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही जावेच्या तोंडून. रविवारी रात्री भांडण झालं. मी आयुष्यात पहिल्यांदा ह्यांना “तुला कळत नाही” म्हटलं. तुम्हीवरून तू वर आले. मग म्हटलं, “मी निपाणीला जाते आणि परत येत नाही.” ते म्हणाले, “जा. येऊ नको.” मी पिशवी भरून फाटकापर्यंत गेले. साडेनऊ वाजलेले, मूल झोपलेलं. पायरीवर अर्धा तास बसले आणि आत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, “चहा घेणार काय?” चार वर्षांत त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. पाहुण्याला विचारतात तसं विचारलं.

पहिली पायरी: सोमवार-मंगळवार विषय काढायचा नाही, पण तारीख ठरवायची.

पहिल्या दोन दिवसांत विषय काढला की तेच भांडण जिथं थांबलं तिथून सुरू होतं. झोप झालेली नसते, जेवण नीट जात नाही, दोघंही समोरच्याच्या आवाजात रविवारचा आवाज शोधत असतात. पण नुसतं गप्प बसणंही चालत नाही. कारण जवळजवळ प्रत्येक जोडप्यात एक जण बोलून मोकळं व्हायला धडपडतो आणि दुसरा दूर सरकतो. पहिला जितका मागे लागतो तितका दुसरा आत जातो, आणि दुसरा जितका आत जातो तितका पहिला दारं वाजवतो. “मला टाळायलाय” असं एकाला वाटतं, “मला धारेवर धरायलीय” असं दुसऱ्याला. दोघांचंही खरं असतं.

याला उतारा म्हणजे वेळ ठरवणं. दोनच वाक्यं पुरतात: “मला रविवारच्या गोष्टीवर बोलायचं आहे, पण आज नको. येत्या रविवारी सकाळी बोलू, चालेल काय?” मागे लागणाऱ्याला कळतं की विषय गाडला जाणार नाही. दूर जाणाऱ्याला कळतं की आज संध्याकाळी दबा धरून कोणी बसलेलं नाही. पाच-सहा दिवस लांबची तारीख बरी. पंधरा दिवस लावू नका, तोवर सभ्यपणाची सवय होते. आणि ठरवलेली वेळ ज्यानं पुढं ढकलली, त्यानंच त्याच दमात दुसरी वेळ सांगायची.

हे समोरासमोर बोला. भाचीनं मेसेज पाठवला होता, चार ओळींचा. निळी खूण आली आणि उत्तर सात तासांनी आलं: “बरं.” त्या सात तासांत तिनं त्या ‘बरं’चे सतरा अर्थ लावून ठेवले होते. तो बिचारा मशीनवर होता.

दुसरी पायरी: सभ्यपणा कुठल्या जातीचा आहे ते बघायचं.

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथंच नवीन माणसं फसतात. वरून दोन्ही सारखेच दिसतात. एक सभ्यपणा दुखऱ्या बोटाला जपावं तसा असतो: परत लागू नये म्हणून माणूस हळू वावरतो. दुसरा सभ्यपणा हिशेब मिटवणाऱ्याचा असतो: काही बाकी राहू नये, उद्या कोणी बोट दाखवू नये, म्हणून तो नीट वागतो.

ओळखायचं कसं? मोठ्या गोष्टींवरून कळत नाही, बारक्या हाकांवरून कळतं. “आज उन्हाचा तडाखा आहे,” असं कोणी म्हणालं, तर त्याला हवामान कळवायचं नसतं. दार किलकिलं करून आत कोणी आहे काय, ते तो बघत असतो. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं नवविवाहित जोडप्यांच्या अशाच हाका मोजल्या आणि ६ वर्षांनी त्या जोडप्यांचं काय झालं ते बघितलं. जी एकत्र राहिली होती, त्यांनी एकमेकांच्या हाकेला १०० पैकी सुमारे ८६ वेळा ओ दिली होती, जी वेगळी झाली त्यांनी ३३ वेळा. म्हणजे नांदणाऱ्या घरातही चौदा वेळा उत्तर येत नाही. तेव्हा एक ‘हं’ ऐकून निकाल लावू नका. दोन-तीन दिवसांचा कल बघा.

आमच्या गल्लीत तेव्हा नळाला रोज पाणी यायचं नाही. आलं की हंडे, बादल्या, ड्रम, सगळ्या घराची धावपळ. मंगळवारी पहाटे पाणी आलं. मी उठले तर स्वयंपाकघरातले दोन हंडे भरलेले, पिण्याच्या हंड्यावर फडकं बांधलेलं. फडकं मी बांधते तसं, दुहेरी. हिशेब मिटवणारा माणूस हंडे भरतो, फडकं विसरतो. मला तेव्हा एवढं कळलं नाही, रागच होता. पण संध्याकाळी मी म्हटलं, “पाणी भरलं ते बरं झालं.” ते म्हणाले, “आवाज आला नळाचा.” रविवारनंतरची ती पहिली दोन वाक्यं, ज्यांत थोडं तरी माणूस होतं.

उलट खुणाही सांगते. समोरचा माणूस तुमच्या वाटणीच्या गोष्टी वेगळ्या करायला लागला, पासबुकं-कागद हलवायला लागला, पुढच्या महिन्याबद्दल बोलताना ‘आपण’ टाळून ‘तुझं तू बघ’ म्हणायला लागला, मुलाच्या शाळेबद्दल किंवा घरातल्या लग्नकार्याबद्दल विचारलं तरी “बघू” एवढंच म्हणायला लागला, तर तो बोटाला जपत नाही. तिथं रविवारची वाट बघू नका. सरळ विचारा: “तू थांबायचं ठरवलंयस, की जायचं?” प्रश्न कठीण आहे, पण उत्तर आधी कळलेलं बरं.

तिसरी पायरी: बारकी दारं उघडायची, मोठी भेट आणायची नाही.

बुधवारी ह्यांनी अर्धा किलो कुंदा आणला. बेळगावात राग काढायला कुंदा आणणं म्हणजे जवळजवळ रीतच. मी डबा उघडला, मुलाला एक चमचा दिला आणि झाकण लावून फ्रिजवर ठेवला. आठवडाभर तो तिथंच होता. आम्ही दोघंही येता-जाता त्याच्याकडे बघायचो, जसा तो तिसरा पाहुणाच.

त्यांची चूक एवढीच की कुंदा लवकर आला. बोलण्याच्या आधी आलेली भेट पावती मागते: मी हे आणलं, आता तू विसर. घेतली तर विषय बुडतो, नाही घेतली तर आपण दुष्ट ठरतो. साडी, हॉटेल, गोव्याची सहल, सगळ्यांचं तेच. शरीराच्या जवळिकीबद्दलही तेच सांगेन. त्या आठवड्यात ती आपसूक झाली तर झाली. पण तिला समेटाचा शिक्का समजू नका, आणि कोणी नको म्हटलं तर ते रविवारचं उत्तर समजू नका.

चालतं ते एवढंसं: डब्यात त्यांच्या आवडीची मिरची, शिफ्टवरून आल्यावर पंख्याखालची खुर्ची मोकळी ठेवणं, “दिवस कसा गेला” न विचारता “आज गाडी लवकर मिळाली वाटतं” म्हणणं. उत्तर द्यायलाच हवं असं न लादता पुढं केलेल्या गोष्टी. दिवसाला दोन-तीन बास. जास्त झालं की तेही नाटक वाटतं.

आणि मुलाला टपालपेटी करू नका. “बाबांना सांग जेवायला या म्हणून.” बाबा तीन हातांवर बसलेले. सासूबाईंना मधे घालणंही तसंच, फक्त तिथं पत्र पोचेपर्यंत त्यात दोन ओळी वाढतात. माहेरी फोन करायचाच असेल तर एकाच माणसाला करा, आणि असा माणूस निवडा जो तुमचा समेट झाल्यावर जावयाशी नीट बोलू शकेल. मी आईला सांगितलं नाही, आत्याला सांगितलं. आईला सांगितलं असतं तर गुरुवारपर्यंत निपाणीहून दोन मामा आणि एक जीप आली असती, बैठक बसली असती, आणि साठ हजारांचा प्रश्न दोन घराण्यांच्या मानाचा झाला असता. मोठ्यांची बैठक कधीकधी लागते. पण तिथं माणूस बायकोशी बोलत नाही, सासऱ्याला उत्तर देतो.

चौथी पायरी: शनिवारी सात मिनिटं लिहायचं.

हे आमच्या वेळी मला माहीत नव्हतं, भाचीकडून करून घेतलं. एली फिन्केल या संशोधकानं २०१३ मध्ये १२० जोडप्यांवरचा अभ्यास छापला. त्यातल्या निम्म्यांना दुसऱ्या वर्षी, चार-चार महिन्यांनी तीनदा, सात-सात मिनिटं लिहायला लावलं. काय लिहायचं, तर अलीकडचं भांडण दोघांचंही भलं चिंतणाऱ्या तिऱ्हाइताला कसं दिसलं असेल ते. वर्षाला एकूण एकवीस मिनिटं. न लिहिणाऱ्यांचं समाधान घसरत गेलं, लिहिणाऱ्यांचं घसरायचं थांबलं. तेव्हा जादू समजू नका. घसरण थांबली, एवढंच.

भाचीला तिऱ्हाईत सुचेना. आई माझ्या बाजूची, सासू त्याच्या बाजूची, मैत्रीण तर पेटवणारी. शेवटी तिनं खालच्या मजल्यावरच्या कन्नड आज्जी धरल्या. त्यांना मराठी जेमतेम कळतं, म्हणजे भांडणातले शब्द नाही, फक्त आवाज ऐकू गेले असणार. तिनं लिहिलं: “वरच्या पोरीचा आवाज आधी चढला. पोरगा बराच वेळ काहीच बोलला नाही. मग एकदम भांडं पडल्यासारखा ओरडला. मग पोरगी रडली, आणि पोराच्या येरझाऱ्या रात्री दोनपर्यंत ऐकू येत होत्या.” ते दोन वाजेपर्यंतचं तिनं लिहीपर्यंत तिच्या लक्षातच आलेलं नव्हतं. ती स्वतः जागी होती, तिनं ऐकलं होतं, पण धरलं नव्हतं.

लिहिलेलं समोरच्याला दाखवायचं नाही. तो पुरावा नव्हे.

पाचवी पायरी: बोलणं.

जागा आधी. आमच्याकडची घरं लहान, सासू-सासरे असतात, भिंतींना शेजारी असतात. घरात कुजबुजत बोललं की प्रत्येक वाक्य कटातलं वाटतं. आम्ही टिळकवाडीत व्हॅक्सीन डेपोच्या झाडांत गेलो, सकाळी सात वाजता, मुलाला आत्याकडे ठेवून. चालताना बोलणं सोपं जातं, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही आणि गप्प राहिलं तरी पाय चालू असतात. वेळ पाऊण तास, त्याहून जास्त नको.

आता क्रम, आणि इथं बहुतेकांची चूक होते. ज्यावरून भांडण झालं तो विषय आधी घेऊ नका. आधी ते वाक्य घ्या, ज्यानं सगळं तुटायला आलं होतं. आमच्या बाबतीत साठ हजार नव्हते, “परत येत नाही” आणि “येऊ नको” हे होतं. आठवडाभर आम्ही जे जपून वावरत होतो ते पैशांमुळे नव्हतं. त्या दोन वाक्यांतलं किती खरं होतं हे दोघांनाही माहीत नव्हतं. ते न विचारता पैशांचा हिशेब केला तर हिशेब जुळतो आणि धास्ती तशीच राहते.

एक जण बोलतो, दुसरा ऐकून त्याचं बोलणं आपल्या शब्दांत परत सांगतो, मान्य नसलं तरी. मग पाळी बदलते. आमचं साधारण असं झालं:

“फाटकापर्यंत गेले तेव्हा तुम्ही बाहेर याल असं वाटलं होतं. आला नाही. मग वाटलं, खरंच नको आहे मी.”

“म्हणजे मी बाहेर आलो नाही म्हणून तुला वाटलं मी सोडलं.”

“होय.”

“मी खिडकीत होतो. पिशवी दिसत होती. तू रस्त्याला लागलीस तर मागनं यायचं म्हणून चप्पल घातली होती. बोलवायला तोंड उघडलं नाही. येऊ नको म्हणालो ते खोटं होतं, पण बोललो तर होतोच.”

मग मी माझं सांगितलं: मी त्यांना “तू” म्हणाले ते, आणि निपाणीची धमकी याआधीही दोनदा दिली होती ते. स्वतःचा वाटा सांगताना ‘पण’ लावायचा नाही. “मी चुकले, पण तुम्ही तरी…” यातला पहिला अर्धा कोणाला ऐकूच येत नाही.

मधेच पेटलं तर? आमचं पेटलं, दिरांचं नाव आल्याबरोबर. छाती धडधडते, कान गरम होतात, समोरच्याचं वाक्य संपायच्या आधी उत्तर तयार असतं. नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की माणूस ऐकू शकत नाही, असं गॉटमन सांगतात, आणि ती खाली यायला किमान वीस मिनिटं लागतात. म्हणून “थांबू” म्हणायचं आणि परत केव्हा बोलायचं तेही सांगायचं. त्या वीस मिनिटांत मनात भाषण तयार केलं तर नाडी उतरत नाही. ह्यांनी चहाची टपरी गाठली, मी बाकावर बसून खारी झाडावर चढताना मोजल्या. अकरा झाल्या.

पैशांचा विषय शेवटी दहा मिनिटांत आला, आणि पूर्ण सुटला नाही. ठरलं एवढंच: पाच हजारांच्या वरचे पैसे विचारल्याशिवाय द्यायचे नाहीत, दिरांशी परतफेडीचं ह्यांनी बोलायचं, मी जावेजवळ विषय काढायचा नाही. आणि एक पैशांबाहेरचं: भांडणात निपाणीचं नाव घ्यायचं नाही, “जा” म्हणायचं नाही. भावाला मदत करावी की नाही यावर आमचं आजही जुळत नाही. गच्चीवर पत्रे पुढच्या वर्षी बसले.

पहिल्या बोलण्यात काहीच ठरलं नाही तरी हरकत नाही, दुसरी तारीख घ्या. पण दोन-तीनदा बसूनही त्याच वाक्यावर गाडी अडत असेल, किंवा एक जण बोलायलाच तयार नसेल, तर बाहेरची मदत घ्या. झोप-भूक गेली असेल, जिवाचं बरंवाईट मनात येत असेल, तर थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

सहावी पायरी म्हणावी तर आहे, म्हणावी तर नाही. बोलणं झालं की दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत होईल असं वाटतं. होत नाही. सोमवारी आम्ही पुन्हा सभ्यच होतो, उलट थोडे लाजलेलेही. मी घाबरले, की कालचं वाया गेलं काय. गेलं नव्हतं. उघडी पडलेली माणसं एक-दोन दिवस पुन्हा पांघरूण घेतात. त्या दिवसांत “आता झालं ना सगळं नीट?” असं विचारत राहू नका. बघायचं काय, तर बारकी कुरकुर परत आली काय. सभ्य माणसं कुरकुर करत नाहीत, आपली माणसं करतात.

आमची बुधवारी आली. ह्यांनी शिफ्टवरून येऊन ओला टॉवेल गादीवर टाकला. मी आठवडाभर तो मुकाट्यानं उचलून वाळत घालत होते. त्या दिवशी तोंडातून गेलंच, “अहो, दोरी काय शोभेला बांधलीय?”

ते थबकले. टॉवेल उचलून दोरीवर टाकला, आणि जाता जाता फ्रिजवरचा डबा काढून म्हणाले, “कुंदा खराब झाला की गं. वास मारायलाय.”